हिंदीच्या कार्यपत्रिकेत मराठी कुठे डोकावते?

प्रश्न : माझी मुलगी सातवीत, मराठी माध्यमात आहे. हिंदीच्या सरांनी लिंग, वचन आणि कारक यांवर ‘वाक्य शुद्ध करके लिखिए’ अशी कार्यपत्रिका दिली होती. दहापैकी सात वाक्यं चुकली. सरांनी लाल पेनाने दुरुस्ती केली आहे, पण कारण लिहिलेलं नाही. नियम तिला तोंडपाठ आहेत, आठही कारकांची चिन्हं ती घडाघडा म्हणते, तरी वाक्यात चुकते. तिने लिहिलेली वाक्यं अशी : ‘मेरे छोटे बहन के किताब के ऊपर पानी गिरी।’ ‘मैं आम खाया।’ ‘उसने किताब लाया।’ ‘उसने जाना चाहिए।’ ‘मैंने उसको पूछा।’ ‘मुझे दो भाई हैं।’ ‘दो लड़के ने गाना गाया।’ घरी तिच्याकडून काय करून घेऊ?
— एक आई, सातारा

उत्तर : ताई, या सातही चुका मराठीतून आलेल्या आहेत. प्रत्येक वाक्याखाली त्याचं मराठी लिहून पाहा, लगेच दिसेल. मुलगी मनात मराठी वाक्य तयार करते आणि शब्दागणिक हिंदी ठेवत जाते. बहुतेक ठिकाणी ते चालून जातं, कारण दोन्ही भाषांची घडण जवळची आहे. जिथे घडण वेगळी आहे त्या जागा मोजक्याच आहेत आणि शाळेतल्या कार्यपत्रिका नेमक्या त्याच जागांवर बेतलेल्या असतात.

पहिलं वाक्य सावकाश सोडवू, कारण त्या एकट्यात चार चुका आहेत. मराठीत आपण म्हणतो, ‘माझ्या लहान बहिणीच्या पुस्तकावर पाणी सांडलं.’ यातल्या ‘माझ्या’ आणि ‘च्या’कडे बघा. पुढच्या नामाला प्रत्यय लागला की मराठीत लिंग कोणतंही असो, ‘च्या’च येतो : भावाच्या घरात, भावाच्या गाडीत, भावाच्या दुकानात. विशेषणाचंही तसंच, चांगल्या मुलाला आणि चांगल्या मुलीला. मुलीने या ‘च्या’चं सरसकट ‘के’ केलं आणि ‘माझ्या’चं ‘मेरे’. हिंदीत मात्र हा बदल फक्त पुल्लिंगी नामापुढे होतो. स्त्रीलिंगी नाम असेल तर ‘की’ची ‘की’च राहते, मागून ‘में’ येवो, ‘पर’ येवो की ‘को’. भाई का घर, भाई के घर में. पण भाई की गाड़ी, भाई की गाड़ी में.

आता दुरुस्ती करताना क्रम पाळायला लावा. आधी नामांखाली रेघ मारायची : बहन, किताब, पानी. प्रत्येकाच्या डोक्यावर हिंदीतलं लिंग लिहायचं : स्त्री, स्त्री, पु. मग प्रत्येक नामाच्या अलीकडचे शब्द त्या नामाशी जुळवायचे. ‘बहन’च्या अलीकडे ‘मेरे छोटे’ आहे, ते होईल ‘मेरी छोटी’. ‘किताब’च्या अलीकडे ‘के’ आहे, ते होईल ‘की’. शेवटी क्रियापद. सांडलं ते पाणी, ते पुल्लिंगी, म्हणून ‘गिरा’. तयार झालेलं वाक्य : मेरी छोटी बहन की किताब के ऊपर पानी गिरा।

इथे मूल हटकून विचारतं, किताब स्त्रीलिंगी आहे तर ‘किताब की ऊपर’ का नाही? कारण का-के-की पुढे बघतात, मागे बघत नाहीत. ‘किताब के ऊपर’मधला ‘के’ हा ‘ऊपर’ला बांधलेला आहे. ऊपर, नीचे, पास, साथ, सामने, पीछे, बाद, लिए या सगळ्यांना कायम ‘के’ लागतो. ‘की’ घेणारे थोडे आहेत, ते वेगळे लिहून घ्या : की ओर, की तरफ़, की तरह, की जगह, की वजह से. आपल्याकडची मुलं ‘घर के तरफ़’ आणि ‘शेर के तरह’ लिहितात ती पुन्हा त्या ‘च्या’मुळेच, घराच्या दिशेने आणि सिंहाच्यासारखा.

‘पानी गिरी’ ही चूक निराळ्या वाटेने आली. मराठीत पाणी नपुंसकलिंगी, हिंदीत नपुंसकलिंग नाही, मग शब्दाच्या शेवटी ‘ई’ दिसली म्हणून तिने स्त्रीलिंग धरलं. नियम म्हणून ते वाईट नाही, पण पानी, दही, घी, मोती हे शब्द त्यात बसत नाहीत, ते पुल्लिंगी आहेत. ‘दही खट्टी है’ हे वाक्य परीक्षेत हमखास येतं आणि उत्तर ‘दही खट्टा है’ असं असतं. उत्तरेत काही भागांत बोलताना दही स्त्रीलिंगी वापरतात, पण शाळेच्या पेपरात पुल्लिंगीच लिहायचं.

लिंगासाठी शब्दांच्या लांबलचक याद्या पाठ करून घेऊ नका. मराठी आणि हिंदी जिथे जुळतात तिथे मुलीला काहीच शिकायचं नाही. फक्त न जुळणारे शब्द एका पानावर लिहा. मराठीतले नपुंसकलिंगी शब्द हिंदीत बहुतांश पुल्लिंगी होतात : घर, फूल, फल, दूध, खेत, गाँव, शहर, मैदान, चित्र, पत्र. त्यामुळे ‘ते’ म्हणतो त्याला हिंदीत पुल्लिंगी धरायचं आणि अपवाद तेवढे लक्षात ठेवायचे : पुस्तक, दुकान, सरकार, नाक हे चारही हिंदीत स्त्रीलिंगी. दुसरा गट ‘तो’चा ‘वह अच्छी’ होणारा, आणि खरी फसगत इथे होते : आवाज़, आत्मा, देह, विजय, ऋतु, अग्नि, वायु, मृत्यु, किरण. चहा आपल्याकडे ‘तो’, पण ‘चाय’ स्त्रीलिंगी. डोळा ‘तो’, पण ‘आँख’ स्त्रीलिंगी. उलट दिशेचे थोडे आहेत : ‘ती बाग’ हिंदीत पुल्लिंगी, ‘ती व्यक्ती’ही पुल्लिंगी. हे शब्द सुटे न लिहिता ‘मेरा’ किंवा ‘मेरी’ लावून लिहायला सांगा : मेरी आवाज़, मेरी नाक, मेरा बाग. लिंग कानात बसतं ते असं जोडीने म्हटल्यावर. कंसात ‘स्त्री.’ लिहून पाठ केलेलं वाक्यात आठवत नाही.

आता ‘ने’कडे येऊ. ‘मैं आम खाया’ ही चूक मराठी मूल करणारच, कारण मराठीत ‘त्याने आंबा खाल्ला’ म्हणतात पण ‘मीने’ म्हणत नाहीत. मी आणि तू यांना मराठीत ‘ने’ दिसत नाही, हिंदीत तो लागतो. यावर घरगुती कसोटी आहे : ‘मी’च्या जागी तिसरा माणूस ठेवून बघायचा. मी आंबा खाल्ला, त्याने आंबा खाल्ला. ‘त्याने’ आलं, म्हणजे ‘मैंने आम खाया’. मी गेलो, तो गेला. ‘त्याने’ आलं नाही, म्हणजे ‘मैं गया’. क्रियापदाचं पुढचं वळण दोन्ही भाषांत सारखंच आहे. ‘ने’ लागला की क्रियापद कर्त्याला सोडून कर्माकडे वळतं : मोहनने पोळी खाल्ली, मोहन ने रोटी खाई, पोळ्या खाल्ल्या, रोटियाँ खाईं.

ही कसोटी दोन ठिकाणी दगा देते, आणि सरांनी कार्यपत्रिकेत नेमकं त्यातलंच एक वाक्य घातलं. ‘त्याने पुस्तक आणलं’ असं मराठीत म्हणतात, पण हिंदीत ‘लाना’ क्रियापद ‘ने’ घेत नाही. म्हणून वह किताब लाया। आणणारी मुलगी असेल तर ‘वह किताब लाई’. ‘ने’ नाही म्हणून क्रियापद कर्त्याबरोबर चालतं, किताबबरोबर नाही. ‘लाया’ हे मुलामुळे आलंय. दुसरा दगा उलटा आहे. तो म्हणाला, तो शिकला, तो दूध प्याला, तो सामना जिंकला. या मराठी वाक्यांत ‘ने’ नाही, हिंदीत आहे : उसने कहा, उसने हिंदी सीखी, उसने दूध पिया, उसने मैच जीता. ‘वह कहा’ असं लिहिणारी मुलं यामुळेच असं लिहितात. एवढी पाच क्रियापदं (लाना एकीकडे, कहना, सीखना, पीना, जीतना दुसरीकडे) वहीच्या आतल्या मुखपृष्ठावर लिहून ठेवा.

कसोटी झालेल्या कामापुरतीच वापरायची, हेही तिला सांगा. ‘त्याने जायला हवं’ यातल्या ‘त्याने’वरून तिने ‘उसने जाना चाहिए’ लिहिलं. महाराष्ट्रात मोठी माणसंही हे सर्रास बोलतात, त्यामुळे तिच्या कानाला ते खटकत नाही. जाणं अजून झालेलं नाही, नुसतं अपेक्षित आहे. हिंदीत ‘चाहिए’बरोबर ‘को’ लागतो : उसे जाना चाहिए। उसे आणि उसको एकच, मुझे आणि मुझको एकच. मराठीतला साधनाचा ‘ने’ही असाच फसवतो. चाकूने कापलं, बसने गेलो, पेनाने लिहिलं, या तिन्ही ठिकाणी हिंदीत ‘से’.

‘को’चा घोळ ‘ला’मुळे होतो. ‘मी त्याला विचारलं’ म्हणून ‘उसको पूछा’. पण पूछना, कहना, मिलना, डरना या क्रियापदांना हिंदीत ‘से’ लागतो : मैंने उससे पूछा। त्याला भेटलो, उससे मिला. कुत्र्याला घाबरतो, कुत्ते से डरता है. देना, बुलाना, दिखाना, सिखाना यांच्याबरोबर ‘ला’चा ‘को’ सुरळीत होतो, तिथे काळजी नको. ‘मला दोन भाऊ आहेत’ हे तिसऱ्या प्रकारचं ‘ला’. नातं सांगताना हिंदीत संबंध कारक येतो : मेरे दो भाई हैं। एकच बहीण असेल तर ‘मेरी एक बहन है’. हातातली वस्तू असेल तर ‘मेरे पास पेन है’. आणि ताप, भूक, राग असं काही असेल तर ‘को’च बरोबर : मुझे बुखार है, मुझे भूख लगी है.

शेवटचं वाक्य वचनाचं. ‘लड़के’ हे रूप दोन कामं करतं. नुसतं उभं असेल तर अनेक मुलगे : लड़के खेल रहे हैं. पुढे ने, को, से असं काही आलं तर तोच शब्द एकाचा : लड़के ने गाया, म्हणजे एका मुलाने. मग दोघांनी गायलं तर? दो लड़कों ने गाना गाया। अनेकवचन आहे आणि पुढे कारकचिन्ह आहे, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की हिंदीतलं प्रत्येक नाम ‘ओं’ घेतं, मग ते घर असो, किताब असो की राजा : घरों में, किताबों पर, राजाओं ने. मराठीतून ओळखायची खूण सोपी आहे. मुलांनी, घरांत, पुस्तकांवर, राजांना. मराठीत प्रत्ययाआधी अनुस्वार ऐकू आला की हिंदीत ‘ओं’.

पुढे चिन्ह नसेल तर अनेकवचन लिंगावर ठरतं. ‘आ’ने संपणारे पुल्लिंगी ‘ए’ घेतात (कमरा, कमरे). राजा, पिता, चाचा, मामा, नेता बदलत नाहीत. बाकीचे पुल्लिंगी तसेच राहतात : एक घर, चार घर. स्त्रीलिंगी मात्र नेहमी बदलतात : किताबें, नदियाँ, माताएँ, वस्तुएँ, चिड़ियाँ. लिहिताना ‘नदी’ची दीर्घ ‘दी’ ऱ्हस्व करायची, ‘नदीयाँ’ ही शुद्धलेखनाची चूक धरली जाते.

खालची दहा वाक्यं तिला द्या. आधी उत्तरं झाकून ठेवा. प्रत्येक वाक्यात नामांखाली रेघ, डोक्यावर लिंग, मग अलीकडचे शब्द, मग चिन्ह, शेवटी क्रियापद, हाच क्रम. एक वाक्य मुद्दाम बरोबर ठेवलं आहे, ते तिला सांगू नका.

१. तुम्हारा आवाज़ मीठा है।
२. सरिता की बाग में बहुत फूलें हैं।
३. वह कहा की मैं कल आऊँगा।
४. अच्छे लड़कियों को इनाम मिला।
५. शिक्षक ने लड़कियों को बुलाईं।
६. नदीयाँ का पानी मीठी है।
७. माँ ने चाकू ने सब्ज़ी काटी।
८. राधा बाज़ार से आम लाई।
९. भाइयों और बहनों, मेरी बात सुनिए।
१०. लड़कियाँ मैदान में गईं थीं।

उत्तरं अशी.

१. तुम्हारी आवाज़ मीठी है। आवाज़ स्त्रीलिंगी, म्हणून अलीकडचा आणि पलीकडचा दोन्ही शब्द बदलले.

२. सरिता के बाग में बहुत फूल हैं। बाग पुल्लिंगी आणि पुढे ‘में’, म्हणून ‘के’. फूल पुल्लिंगी, ‘आ’ने संपत नाही, म्हणून अनेकवचनातही फूलच. ‘फूलें’ लिहिलं असेल तर लिंगाचं पान पुन्हा बघायला लावा, चूक वचनाची दिसली तरी मुळात लिंगाची आहे.

३. उसने कहा कि मैं कल आऊँगा। दोन वाक्यं जोडणारा शब्द मराठीत दीर्घ ‘की’, हिंदीत ऱ्हस्व ‘कि’. दीर्घ ‘की’ हिंदीत वाक्यं जोडत नाही, संबंध दाखवते. मराठी मुलांची ही चूक हाताच्या सवयीतून होते, समजुतीतून नाही. लिहून झाल्यावर ‘कहा’, ‘पूछा’, ‘सोचा’ यांच्या पुढचा शब्द तेवढा तपासायचा.

४. अच्छी लड़कियों को इनाम मिला। ‘चांगल्या मुलींना’मधला ‘चांगल्या’ इथे नडला.

५. शिक्षक ने लड़कियों को बुलाया। कर्त्याला ‘ने’ आणि कर्माला ‘को’, दोघंही चिन्हांनी बांधलेले. मग क्रियापद कोणाशीच जुळत नाही आणि पुल्लिंगी एकवचनात उभं राहतं. मराठीत ‘शिक्षकांनी मुलींना बोलावलं’ म्हणताना क्रियापद असंच नपुंसकलिंगी एकवचनात जातं. कर्माला ‘ला’ किंवा ‘ना’ लागून मराठीत ‘लं’ आलं, की हिंदीत ‘आ’.

६. नदियों का पानी मीठा है। पुढे ‘का’ आहे म्हणून ‘ओं’. पानी पुल्लिंगी म्हणून ‘मीठा’.

७. माँ ने चाकू से सब्ज़ी काटी। पहिला ‘ने’ कर्त्याचा, तो बरोबर. दुसरा साधनाचा.

८. वाक्य बरोबर आहे. इथे ‘राधा ने आम लाया’ अशी दुरुस्ती केली असेल तर ‘लाना’चा अपवाद अजून पक्का झालेला नाही. आम पुल्लिंगी असूनही ‘लाई’ का, हे तिला तोंडी सांगायला लावा.

९. भाइयो और बहनो, मेरी बात सुनिए। हाक मारताना ‘ओ’ येतो, त्यावर अनुस्वार नाही. मराठीत ‘मुलांनो’ म्हणताना अनुस्वार असतो, म्हणून तो इथेही पडतो. पोस्टरवर, बॅनरवर अनुस्वारासकट लिहिलेलं तिला दिसेल, पण पेपरात गुण जातील.

१०. लड़कियाँ मैदान में गई थीं। अनेकवचनाचा अनुस्वार शेवटच्या शब्दावर एकदाच. नुसतं ‘गईं’ असेल तर त्याच्यावर, ‘थीं’ आली की तिच्यावर.

तपासताना बरोबर-चूक एवढीच खूण करू नका. चुकलेल्या वाक्याखाली ज्या मराठी प्रत्ययामुळे चूक झाली तो तिला लिहायला सांगा : च्या, ने, ला किंवा लिंग. दोन कार्यपत्रिका झाल्या की एकच शब्द वारंवार लिहिलेला दिसेल. तो ‘च्या’ असेल तर पुढचे चारपाच दिवस फक्त त्याचीच वाक्यं द्या (‘दादाच्या सायकलवर’, ‘आजीच्या खोलीत’, ‘काकांच्या दुकानात’) आणि हिंदी करून घ्या : भैया की साइकिल पर, नानी के कमरे में, चाचा की दुकान में. आजी वडिलांकडची असेल तर हिंदीत ती ‘दादी’ आणि आपला दादा म्हणजे ‘भैया’, हेही त्या निमित्ताने तिला विचारून घ्या. ‘दादा की साइकिल’ वाचून उत्तरेतला माणूस आजोबांची सायकल समजेल.